स्कोर प्रतिमानातील प्रक्रिया-वर्ग : लखनौच्या चिकनकारीच्या पुरवठा साखळीचे निदान

या पाठात काय आहे

पुण्यातील एका कापड दुकानदाराने लखनौच्या व्यापाऱ्याकडे ५०० चिकन कुर्त्यांची ऑर्डर दिली. माल ६० दिवसांत मिळेल असे ठरले होते, पण तो आला ८८ व्या दिवशी. उशीर का झाला असे विचारल्यावर उत्तर मिळाले, "गावातल्या बायकांनी भरतकाम वेळेत केले नाही." हे उत्तर खरे की खोटे, हे ठरवायचे कसे? या पाठात आपण स्कोर प्रतिमानातील प्रक्रिया-वर्गांच्या मदतीने हा प्रश्न सोडवणार आहोत. चिकनकारीतील कामाचे टप्पे प्रत्यक्षातले आहेत. ऑर्डरचे आणि दिवसांचे आकडे मात्र उदाहरणासाठी घेतलेले आहेत. कोणत्याही प्रत्यक्ष व्यवसायाचे आकडे म्हणून ते वाचू नयेत.

१. स्कोर प्रतिमानाची रचना

स्कोर म्हणजे सप्लाय चेन ऑपरेशन्स रेफरन्स. १९९६ मध्ये सप्लाय चेन कौन्सिल या संस्थेने हे प्रतिमान प्रथम प्रसिद्ध केले. ही संस्था २०१४ मध्ये एपिक्स या संस्थेत विलीन झाली आणि आज हे प्रतिमान एएससीएम या नावाच्या संस्थेकडे आहे. विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात बहुधा या प्रतिमानाची बारावी आवृत्ती शिकवली जाते, म्हणून या पाठातही तीच वापरली आहे. २०२२ मध्ये आलेल्या नव्या आवृत्तीत काही नावे बदलली. उदाहरणार्थ, मेकच्या जागी ट्रान्सफॉर्म आले आणि डिलिव्हरचे काम ऑर्डर व फुलफिल अशा दोन भागांत विभागले गेले. निदानाची पद्धत मात्र तीच राहिली.

प्रतिमानात पातळ्या आहेत. पहिल्या पातळीवर सहा प्रक्रिया येतात : प्लॅन म्हणजे नियोजन, सोर्स म्हणजे खरेदी, मेक म्हणजे उत्पादन, डिलिव्हर म्हणजे पोहोच, रिटर्न म्हणजे परत येणारा माल आणि एनेबल म्हणजे या सगळ्यांना लागणारी नियम, माहिती व करार यांची व्यवस्था. दुसऱ्या पातळीवर प्रत्येक प्रक्रियेचे वर्ग पाडले जातात. आपला विषय हेच वर्ग आहेत. तिसऱ्या पातळीवर प्रत्येक वर्गातील पायऱ्या येतात. त्यापुढची पातळी ज्या त्या व्यवसायाने आपल्या कामानुसार स्वतः लिहायची असते.

सोर्स, मेक आणि डिलिव्हर या तीन प्रक्रियांचे वर्ग एकाच प्रश्नावर पाडलेले आहेत : हे काम ग्राहकाची ऑर्डर येण्याआधी सुरू होते की नंतर?

| वर्ग | सोर्स | मेक | डिलिव्हर |
|---|---|---|---|
| अंदाजावर साठा करून | sS1 | sM1 | sD1 |
| ऑर्डर आल्यावर, ठरलेल्या नमुन्याप्रमाणे | sS2 | sM2 | sD2 |
| ऑर्डर आल्यावर, नमुनाही नवा तयार करून | sS3 | sM3 | sD3 |

डिलिव्हरमध्ये sD4 हा आणखी एक वर्ग आहे. तो किरकोळ दुकानातून होणाऱ्या विक्रीसाठी आहे. नियोजनाचे वर्ग sP1 ते sP5 आहेत. त्यांपैकी sP1 संपूर्ण साखळीचे नियोजन आहे आणि बाकीचे अनुक्रमे सोर्स, मेक, डिलिव्हर व रिटर्न यांचे.

२. वर्ग ठरवताना होणारी गफलत

विद्यार्थी अनेकदा संपूर्ण व्यवसायाला एकच वर्ग चिकटवतात : "हा कारखाना ऑर्डरवर चालतो, म्हणजे सगळे दोन क्रमांकाचे." प्रत्यक्षात वर्ग व्यवसायाचा नसतो. तो एका विशिष्ट मालाच्या एका विशिष्ट प्रक्रियेचा असतो. एकाच व्यापाऱ्याच्या गोदामात तिन्ही वर्ग शेजारी शेजारी सापडू शकतात.

आपल्या व्यापाऱ्याचे पाहा. साधे सुती कापड, म्हणजे मलमल किंवा व्हॉइल, तो हंगामाचा अंदाज घेऊन आधीच भरून ठेवतो. म्हणून त्याची कापडखरेदी sS1 मध्ये येते. लखनौच्या चौक भागातील दुकानांसाठी तो नेहमीच्या नमुन्याचे पांढरे कुर्ते ऑर्डर नसतानाही बनवून घेतो. ते उत्पादन sM1. पुण्याच्या दुकानदाराने वहीतला एक नमुना निवडला, मापे आणि नग सांगितले आणि त्यानंतर काम सुरू झाले. हे उत्पादन sM2 आणि त्याची पोहोच sD2. उद्या एखाद्या ग्राहकाने स्वतःची नवी नक्षी पाठवली आणि त्यासाठी लाकडी ठसे नव्याने कोरावे लागले, तर ते काम sM3 मध्ये जाईल.

हा फरक महत्त्वाचा का आहे? कारण वर्ग बदलला की घड्याळ कुठे सुरू करायचे ते बदलते. sM1 मध्ये कुर्ता बनायला तीन महिने लागले तरी ग्राहकाला त्याची झळ लागत नाही. त्याच्या दृष्टीने वेळ सुरू होतो तो गोदामातून माल काढण्यापासून. sM2 मध्ये उत्पादनाचा प्रत्येक दिवस ग्राहकाच्या खात्यावर पडतो. दोन्ही प्रकारच्या ऑर्डरींची सरासरी काढून "आमचा कालावधी ४० दिवस" असे सांगणारा अहवाल दोन्हींविषयी चुकीची माहिती देतो. म्हणून निदानाची पहिली पायरी म्हणजे ऑर्डरींचे गठ्ठे वर्गानुसार वेगळे करणे. आकडे त्यानंतर मोजायचे.

३. चिकन कुर्त्याची साखळी

लखनौच्या चिकनकारीला २००८ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. या कामाचे वैशिष्ट्य असे की एक कुर्ता अनेक हातांतून आणि अनेक जागांतून जातो. कापड आधी शिंप्याकडे जाते. तो ते कापून कुर्त्याचा आकार येईल इतपत शिवतो, म्हणजे नक्षी गळ्याला, बाहीला आणि घेराला नेमकी कुठे बसवायची हे कळते. मग छपाईवाला लाकडी ठशांनी त्यावर नक्षी उमटवतो. हा रंग धुतल्यावर निघून जाईल असाच वापरतात, बहुधा निळीचा. त्यानंतर छापलेले नग मध्यस्थामार्फत शहरातील मोहल्ल्यांत आणि आसपासच्या गावांत जातात. तिथे स्त्रिया घरी बसून टेपची, बखिया, फंदा, मुर्री, जाली असे टाके घालतात. त्यांना मजुरी नगावर मिळते. भरून झालेले नग परत येतात आणि धुलाईला जातात. धुलाईत निळीचा छाप निघतो, कापड उजळते, कांजी चढते. शेवटी इस्त्री, तपासणी आणि बांधणी होते.

स्कोरच्या भाषेत ही साखळी अशी मांडता येते :

```
sS1 कापड → sM2 शिलाई → sM2 छपाई → sM2 भरतकाम → sM2 धुलाई → sM2 तपासणी, बांधणी → sD2 पुणे
```

मांडणी सोपी दिसते, पण तिच्यात एक गोष्ट लपली आहे. शिंपी, छपाईवाला, मध्यस्थ, भरणारी स्त्री आणि धुलाईवाला ही सगळी वेगवेगळी माणसे आहेत. एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती माल जातो, तेव्हा देणाऱ्याची डिलिव्हर आणि घेणाऱ्याची सोर्स अशा दोन प्रक्रिया प्रत्यक्षात घडतात. वरच्या ओळीत त्या फक्त बाण म्हणून दिसतात. निदान करताना प्रत्येक बाण उघडायचा आणि विचारायचे : माल देण्याची जबाबदारी कोणाची, घेण्याची कोणाची आणि कधी देणार-घेणार हे कोणी ठरवले आहे? ज्या बाणाखाली नियोजनाचा एकही चौकोन सापडत नाही, तिथे दिवस साचलेले असण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

४. ८८ दिवस कुठे गेले

प्रतिसादाचे मुख्य माप म्हणजे ऑर्डर-पूर्ती कालावधी. स्कोरमध्ये त्याचा संकेत RS.1.1 असा आहे. ऑर्डर मिळाल्यापासून ग्राहकाने माल स्वीकारेपर्यंतचे सगळे दिवस त्यात येतात. हे माप पुढे सोर्स, मेक आणि डिलिव्हर यांच्या कालावधींत फोडता येते. व्यापाऱ्याच्या वहीतून आणि मध्यस्थाच्या चिठ्ठ्यांवरून तारखा काढल्यावर आपल्या ऑर्डरचा हिशेब असा निघाला :

| टप्पा | दिवस | प्रक्रिया |
|---|---|---|
| ऑर्डर नोंदवणे, तारीख ठरवणे | ४ | डिलिव्हर |
| कापड, साठ्यातून | ० | सोर्स |
| कटाई व शिलाई | ६ | मेक |
| छपाई | ४ | मेक |
| भरतकाम | ५२ | मेक |
| धुलाई | १२ | मेक |
| इस्त्री, तपासणी, बांधणी | ५ | मेक |
| पुण्यापर्यंत वाहतूक | ५ | डिलिव्हर |
| एकूण | ८८ | |

मेकचे ७९ दिवस, डिलिव्हरचे ९. इथेच थांबले तर व्यापाऱ्याचे म्हणणे खरे वाटते, कारण ५२ दिवस भरतकामाच्या नावावर आहेत. पण हे ५२ दिवस अजून फोडलेले नाहीत. त्यासाठी तिसऱ्या पातळीवर उतरावे लागते.

sM2 मध्ये आधी कामाचे वेळापत्रक ठरवणे येते. मग sM2.2 म्हणजे अर्धवट झालेला माल पुढच्या कामासाठी देणे, आणि sM2.3 म्हणजे प्रत्यक्ष काम व त्याची तपासणी. त्यानंतर बांधणी व माल पुढे सोपवण्याच्या पायऱ्या येतात. भरतकामाच्या टप्प्यात छापलेले नग मध्यस्थाकडे ८ दिवस पडून होते, कारण सगळे ५०० नग छापून आल्याशिवाय तो वाटप सुरू करत नाही. हे दिवस sM2.2 चे आहेत. प्रत्यक्ष टाके घालायला ३० दिवस लागले. त्याचा हिशेब असा : एका कुर्त्याला साधारण २४ तास सुईकाम, घरकाम आणि शेतीतून उरणारे रोजचे ४ तास, म्हणजे एका कुर्त्याला ६ दिवस. १०० स्त्रियांना प्रत्येकी ५ कुर्ते, म्हणून ३० दिवस. काम पुरे झाल्यावर नग घरात पडून राहिले ते १४ दिवस, कारण मध्यस्थाची फेरी पंधरवड्यातून एकदाच होते.

८, ३० आणि १४ मिळून ५२ झाले. त्यातले २२ दिवस कोणाच्याही सुईखाली गेलेले नाहीत. "बायकांनी उशीर केला" या वाक्याचे उत्तर इथे मिळते. त्यांचा वेग हिशेबाप्रमाणेच होता. उशीर झाला तो वाटप आणि गोळा करण्याच्या पद्धतीत. त्याचा पहिला फटकाही त्यांनाच बसतो, कारण मजुरी नग परत घेताना मिळते. काम संपवूनही त्या पैशांसाठी १४ दिवस थांबल्या होत्या.

आता आणखी एक प्रश्न विचारू या. ही सगळी वाट पाहणी शून्यावर आणली असती, तर माल वेळेत पोहोचला असता का? ८८ मधून २२ वजा केले तर ६६ उरतात. कबूल केले होते ६० दिवस. म्हणजे हे वचन पहिल्या दिवसापासूनच अशक्य होते. sD2.3 या पायरीचे कामच उपलब्ध साठा व क्षमता पाहून पोहोचीची तारीख ठरवणे हे आहे. इथे ती तारीख क्षमता न पाहता, ग्राहकाला आवडेल अशी दिली गेली. उत्पादनाची गरज आणि हाताशी असलेले हात यांची सांगड घालणारा sP3 हा नियोजनाचा वर्ग या व्यवसायात अस्तित्वातच नव्हता. म्हणजे निदानाचे दोन भाग झाले : भरतकामाच्या दोन्ही बाजूंची वाट पाहणी, आणि त्याहून मूळचा दोष म्हणजे नियोजनाचा अभाव. दिवस मेकमध्ये साठलेले दिसतात, पण त्यांचे कारण प्लॅनमध्ये आहे. दिवस जिथे दिसतात तिथेच दोष आहे असे मानणे ही या प्रतिमानाच्या वापरातील सर्वांत नेहमीची चूक आहे.

५. निर्दोष ऑर्डर कशी मोजायची

वेळेचे माप झाले. आता विश्वासार्हतेचे. त्याचे मुख्य माप आहे निर्दोष ऑर्डर-पूर्ती, संकेत RL.1.1. ऑर्डर निर्दोष ठरण्यासाठी चार गोष्टी एकाच वेळी जमाव्या लागतात : माल पूर्ण असावा, वेळेत असावा, कागदपत्रे बरोबर असावीत आणि माल चांगल्या स्थितीत असावा. चारपैकी एक जरी चुकली तरी त्या ऑर्डरला शून्य गुण.

समजा, वर्षभरातील २० ऑर्डरी तपासल्या. सगळ्या sM2–sD2 वर्गातल्याच घेतल्या. १८ मध्ये माल पूर्ण होता, १२ वेळेत गेल्या, १९ ची कागदपत्रे बरोबर होती आणि १५ मध्ये माल चांगल्या स्थितीत होता. अनेक विद्यार्थी इथे टक्के गुणतात : ०.९० × ०.६० × ०.९५ × ०.७५, म्हणजे सुमारे ३८ टक्के. हा गुणाकार चारही दोष एकमेकांशी संबंध नसलेले आहेत असे गृहीत धरतो. स्कोरचे माप तसे नाही. त्यात एकेक ऑर्डर हातात घेऊन ती निर्दोष आहे की नाही हे मोजायचे असते.

तशी मोजणी केल्यावर १० ऑर्डरी निर्दोष निघाल्या, म्हणजे ५० टक्के. हा आकडा गुणाकारापेक्षा मोठा का आला? कारण दोष एकाच ठिकाणी जमले होते. उशीर झालेल्या ८ ऑर्डरी होत्या. माल खराब असलेल्या ५ पैकी ४ ऑर्डरी याच आठांतल्या होत्या. माल कमी पडलेल्या दोन्ही ऑर्डरीही यांतल्याच होत्या. उरली एक खराब मालाची आणि एक चुकीच्या बिलाची. आठ अधिक एक अधिक एक, अशा दहा सदोष.

हे जमणेच निदानाला उपयोगी पडते. खराब माल म्हणजे काय हे पाहिले तर बहुतेक कुर्त्यांवर छपाईची नीळ पुरती निघालेली नव्हती. भरतकामात गेलेले दिवस भरून काढण्यासाठी धुलाई घाईत उरकली गेली आणि डाग राहिले. म्हणजे धुलाईवाल्याला दंड करून हा दोष जाणार नाही, कारण त्याचे मूळ आधीच्या टप्प्यात आहे. फक्त टक्के गुणत बसलो असतो तर हा संबंध दिसलाच नसता.

६. बेंचमार्किंग : तुलना कोणाशी

निदानानंतर प्रश्न येतो, ८८ दिवस म्हणजे चांगले की वाईट? त्यासाठी तुलना हवी. स्कोरच्या पद्धतीत तुलनेच्या तीन पायऱ्या धरतात. तुलनेतील व्यवसायांच्या मधोमध असलेली कामगिरी म्हणजे बरोबरी. शंभरातील सत्तराव्या स्थानाची कामगिरी म्हणजे आघाडी. नव्वदाव्या स्थानाची म्हणजे श्रेष्ठ. विश्वासार्हता, प्रतिसादाचा वेग, बदलाला तोंड देण्याची क्षमता, खर्च आणि गुंतवणुकीचा वापर या पाच गुणांपैकी सगळ्यांत श्रेष्ठ व्हायचे असे कोणी ठरवत नाही. एखाद्या गुणात श्रेष्ठ, एकदोनांत आघाडी आणि बाकीच्यांत बरोबरी, अशी निवड करावी लागते.

तुलनेचा पहिला नियम : वर्ग सारखा हवा. यंत्रावर टी-शर्ट शिवून साठ्यात ठेवणाऱ्या कारखान्याचा पोहोचीचा कालावधी sM1 आणि sD1 चा आहे. त्याच्याशी हाताने भरलेल्या, ऑर्डरीवर केलेल्या कुर्त्याची तुलना केली तर आकडा मिळेल, पण त्यातून काहीच कळणार नाही.

दुसरा नियम : माल वेगळा असला तरी चालेल, प्रक्रिया सारखी हवी. आपल्याला सुधारायचे आहे ते वाटप आणि गोळा करण्याचे काम. जालंधरमध्ये फुटबॉल शिवण्याचे कामही घरोघरी वाटून दिले जात आले आहे. फुटबॉल आणि कुर्ता यांत काही साम्य नाही, पण घरी काम देणे, नग मोजून परत घेणे आणि मजुरी चुकती करणे ही प्रक्रिया तीच आहे. तिथल्या फेऱ्या किती दिवसांनी होतात हे विचारणे टी-शर्टच्या कारखान्याला विचारण्यापेक्षा जास्त उपयोगाचे आहे.

लहान व्यवसायाला बाहेरचे आकडे मिळणे कठीण असते. तेव्हा आपल्याच २० ऑर्डरी लहान ते मोठ्या कालावधीने लावाव्यात. समजा, मधली ऑर्डर ८२ दिवसांची आहे, चांगल्या सहांपैकी शेवटची ७५ ची आणि सर्वांत चांगल्या दोन ६९ दिवसांच्या आत झाल्या. या दोन ऑर्डरींत वेगळे काय घडले ते तपासावे. बहुधा असे दिसते की तेव्हा मध्यस्थाने नग छापून येतील तसे वाटले होते. याला अंतर्गत तुलना म्हणतात. तिचे नाव अहवालात स्पष्ट लिहावे, कारण आपल्यातली उत्तम कामगिरी ही उद्योगातली उत्तम असतेच असे नाही.

७. उपाय आणि त्यांची किंमत

पहिला उपाय वाटपाचा आहे. छापलेले नग शंभराच्या गठ्ठ्यांत लगेच वाटले तर ८ दिवसांचे ३ होतील, आणि मध्यस्थाची फेरी आठवड्याला केली तर १४ चे ७. एकूण १२ दिवस वाचून कालावधी ७६ वर येईल. खर्च फेऱ्यांचा वाढेल, पण मजुरीही आठवडाभर आधी हातात पडेल. दुसरा उपाय म्हणजे १०० ऐवजी १५० स्त्रियांना काम देणे. मग कोणाकडेही ४ पेक्षा जास्त कुर्ते जाणार नाहीत आणि सुईकाम २४ दिवसांत होईल. कालावधी ७० वर येईल. तरीही ६० नाहीच. म्हणून वचनाची तारीखच बदलावी लागेल.

ग्राहकाला खरोखर लवकर माल हवा असेल, तर वर्ग बदलावा लागतो. पांढऱ्या कापडावर आधी भरतकाम करून घ्यायचे आणि मागणी येईल तसे रंगवायचे, ही पद्धत चिकनमध्ये आहेच. तसे केले तर शिलाई, छपाई आणि भरतकाम sM1 मध्ये जातात आणि फक्त रंगाई-धुलाईपासून पुढचे काम sM2 मध्ये राहते. रंगाई व धुलाईला मिळून १५ दिवस धरले, तर ४ अधिक १५ अधिक ५ अधिक ५, म्हणजे २९ दिवसांत माल पुण्यात पोहोचेल.

ही गती फुकट मिळत नाही. तिची किंमत AM.1.1 या मापात दिसते. रोख ते रोख कालावधी म्हणजे साठ्याचे दिवस अधिक येणे बाकीचे दिवस वजा देणे बाकीचे दिवस. आधी साठा ७० दिवसांचा, ग्राहकांकडून पैसे ४५ दिवसांनी आणि पुरवठादारांना ३० दिवसांनी असेल, तर कालावधी ८५ दिवस. भरलेले कुर्ते साठवल्यावर साठा ११० दिवसांवर गेला, तर तोच कालावधी १२५ होतो. शिवाय नमुना चालला नाही तर माल अंगावर पडतो. प्रतिसादात श्रेष्ठ व्हायचे की गुंतवणुकीत, ही निवड इथे करावी लागते. दोन्ही एकदम मिळत नाहीत.

८. प्रतिमान कुठे थांबते

स्कोर विक्री आणि जाहिरात, नव्या मालाचे संशोधन आणि विक्रीनंतरची सेवा यांत शिरत नाही. त्याहून महत्त्वाची एक मर्यादा आपल्या उदाहरणातच आहे. नगामागची मजुरी कमी केली तर खर्चाचे माप सुधारलेले दिसते आणि त्या मजुरीत घर चालते का हा प्रश्न कोणत्याही रकान्यात येत नाही. लखनौमध्ये रूना बॅनर्जी यांच्या पुढाकाराने १९८४ मध्ये उभ्या राहिलेल्या सेवा लखनौ या संस्थेने भरणाऱ्या स्त्रियांना बाजाराशी थेट जोडायला सुरुवात केली, ती याच प्रश्नामुळे. वर्गांच्या भाषेत पाहिले तर मध्यस्थाकडची सोर्स आणि डिलिव्हर संस्थेने स्वतःकडे घेतली. प्रतिमान बाण कुठे आहेत ते दाखवते. बाणावर कोण उभे असावे, हे माणसांनी ठरवायचे असते.

सरावासाठी प्रश्न

१. तुमच्या गावातील बेकरी पाव रोज बनवते आणि वाढदिवसाचा केक सांगितल्यावर बनवते. दोन्हींसाठी सोर्स, मेक आणि डिलिव्हरचे वर्ग लिहा. केकवरचे चित्र ग्राहकाने स्वतः काढून दिले तर काय बदलेल?

२. वरच्या उदाहरणात मध्यस्थाची फेरी दर चार दिवसांनी झाली आणि वाटपाला ३ दिवस लागले, तर १०० स्त्रियांसह ऑर्डर-पूर्ती कालावधी किती होईल? नग जास्तीत जास्त ४ दिवस पडून राहतात असे धरा.

३. दहा ऑर्डरींपैकी ३ उशिरा गेल्या आणि ३ मध्ये माल कमी होता. निर्दोष ऑर्डरींची संख्या जास्तीत जास्त आणि कमीत कमी किती असू शकते? दोन्ही टोकांना दोषाच्या कारणाविषयी तुम्ही काय अनुमान कराल?